रोहा-पेणहून व्हीलचेअरने रेल्वेप्रवास

आधी divyangjanid.indianrail.gov.in वर अर्ज करून रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढा. त्याच्या क्रमांकावर आयआरसीटीसीवर सवलतीचं तिकीट मिळतं. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्यांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सूट असते, सोबत्यालाही तेवढीच.

दिव्यांग डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. थांबा थोडाच असल्यामुळे हा डबा कुठे लागेल आणि गाडी कोणत्या फलाटावर येईल, हे स्टेशन मास्तरांना आदल्या दिवशीच विचारा. त्या फलाटावर लिफ्ट वा रॅम्पने जाता येतं का, डब्यात चढायला हलता रॅम्प मिळेल का, हेही विचारा.

रोह्यापुढे कोकण रेल्वे सुरू होते. म्हणून चिपळूणला उतरणार असाल, तर तिथल्या मदतीचंही स्वतंत्रपणे पक्कं करा. चौकशीसाठी १३९.