बिडाच्या तव्याची निगा: एका स्लाइडवर एकच नियम

बिडाचे तवे विकणारे अनेक छोटे व्यावसायिक हल्ली निगेच्या सूचना छापील चिठ्ठीऐवजी मोबाइलवर बोटाने सरकवत पाहायच्या चित्रमालिकेत, म्हणजे कॅरोसेलमध्ये देतात. इन्स्टाग्रामवर अशा मालिकेत 20 स्लाइड मावतात, पण तव्याला सहा पुरतात. ही मालिका पुष्कळदा ओट्याशी उभे राहून, ओल्या हाताने पाहिली जाते. म्हणून एका स्लाइडवर एकच नियम असावा, मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली एका ओळीत कारण. कारण कळले नाही की नियम दोन दिवसांत विसरला जातो. नियमांचा क्रम तवा घरात ज्या क्रमाने वापरला जातो तोच ठेवावा.

पहिली स्लाइड सीझनिंगची, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तेलाचा अगदी पातळ थर तापला की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि धातूला घट्ट धरून बसणारा कडक, काळा थर तयार होतो. घावन तव्याला न चिकटता सुटतात ते या थरामुळे. तेल जास्त झाले तर वरचा भाग कडक होतो आणि खालचा ओलसर राहतो. तवा गार झाल्यावर बोटाला चिकट लागतो, मध्येच तपकिरी ओघळ दिसतात. त्यामुळे ‘तेल लावून तापवा’ एवढेच लिहिणे धोक्याचे. ‘तेल चोळा, मग लावलेच नव्हते असे समजून कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि धूर येईपर्यंत तापवा’ हे वाक्य लांब असले तरी तवा वाचवते. सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल चालते. जवसाचे तेल लवकर कडक होते, पण त्याचे पोपडे सुटण्याची तक्रार बरीच आढळते. ही कृती तीन-चार वेळा करावी. गॅसवर तव्याच्या कडा नीट तापत नाहीत, म्हणून तवा अधूनमधून सरकवावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

दुसरा नियम थोडक्यात सांगता येतो: तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते आणि एकदम थंड झाले तर तडकते.

तिसरी स्लाइड आंबट पदार्थांची. इथे ‘आंबट अजिबात नको’ असे लिहिणे चूक आहे. आंबोळीचे पीठ आंबलेले असते, तरी ती दोन-तीन मिनिटांत तव्यावरून उतरते आणि थराला धक्का लागत नाही. नुकसान होते ते चिंच, कोकम किंवा टोमॅटोचा रस्सा बराच वेळ शिजवल्याने. थर झिजतो आणि रश्श्याला लोखंडाची चव येते. नियमात वेळेचा उल्लेख हवाच.

चौथी स्लाइड साबणाची. साबण वर्ज्य, ही समजूत कॉस्टिक सोड्याचा अंश राहणाऱ्या जुन्या साबणांच्या काळातली आहे. आजच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब पक्क्या थराला काढू शकत नाही. तवा पाण्यात भिजत ठेवणे मात्र खरोखर वाईट. चिकटलेले पीठ जाड मीठ आणि नारळाच्या काथ्याने निघते.

‘नीट वाळवा’ हा पाचवा नियम बहुतेक मालिकांत असतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही, कारण फडक्याने पुसलेला तवा वाळलेलाच दिसतो. बिडाच्या खरखरीत पृष्ठभागात ओल राहते, आणि पावसाळ्यात कोकणातल्या घरात एका रात्रीत नारिंगी ठिपके उठतात. ‘पुसून दोन मिनिटे मंद आचेवर ठेवा, कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा’ असे लिहिले की काय करायचे ते नेमके कळते.

शेवटची स्लाइड गंजाची असावी. ती इशारा म्हणून नव्हे, उपाय म्हणून द्यावी, कारण गंज दिसताच पुष्कळ लोक तवा अडगळीत टाकतात. पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे: काळे आले तर तो तेलाचा जळका अंश, त्याची चिंता नको, नारिंगी आले तर गंज. गंज असल्यास तेवढी जागा तारेच्या घासणीने धातू दिसेपर्यंत घासावी, तवा धुऊन आचेवर वाळवावा आणि पहिल्या स्लाइडवरची कृती पुन्हा करावी. या स्लाइडसाठी चकचकीत नव्या तव्याऐवजी खऱ्या गंजलेल्या तव्याचा, घासण्याआधीचा आणि नंतरचा, फोटो घ्यावा. आपल्या तव्यावरचा डाग ओळखायला तोच कामी येतो. याच स्लाइडवर तड्याचीही सूचना द्यावी. तवा गार असताना टोकाला धरून बोटाच्या पेराने वाजवला आणि खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तडा असण्याची शक्यता असते. तडकलेला तवा पुन्हा आचेवर ठेवू नये. तो भंगारात द्यावा, कारण बीड वितळवून त्याचे पुन्हा ओतकाम करता येते.