चौकटी आधी, आकार नंतर

२००२च्या सुमाराच्या डिजिटल कॅमेऱ्यातला बारशाचा फोटो, ६४० बाय ४८० पिक्सेलचा. आज मोठ्या पडद्यावर पाहिला की आजीच्या गालावर चौकोनी ठिगळं दिसतात आणि लाल शालूचा रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलेला असतो.

कारण जेपेगमध्ये आहे. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील वेगवेगळा गाळते. म्हणून शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळत नाहीत. रंगाची माहिती तर उजेडापेक्षाही कमी ठेवली जाते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पुष्कळ जण आधी फोटो मोठा करतात, तिथेच घोटाळा होतो: चौकटीही फुगतात आणि त्यांची जागा ८च्या पटीत राहत नाही, मग त्या ओळखणं अवघड. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीचंही तेच. जुन्या सीडीवरची मूळ फाइलच शोधावी.

गिंपमध्ये फोटो `LAB` थरांत फोडता येतो. `A` आणि `B` या रंगाच्या थरांना तीन-चार पिक्सेलचा ब्लर निर्धास्त द्यावा. शालूचा सांडलेला रंग बराच निवळतो. `L` म्हणजे उजेडाचा थर मात्र जपावा: गाल, भिंत अशा सपाट भागांपुरताच हलका ब्लर, डोळे आणि दागिने वगळून. मग थर जोडून फोटो दुप्पट करावा आणि पीएनजीत साठवावा.

गालावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत दिसू लागल्या, तर हात जड पडला. गाळलेली नथीची नक्षी मात्र यातून परत येत नाही.