स्टोअरचा चार्ज देताना काय लिहावं?

चाकण-भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर ज्याच्या ताब्यात असतं, तो नोकरी सोडताना नव्या माणसाला 'चार्ज' देतो. बहुतेक ठिकाणी या चार्जच्या नावाखाली स्टॉकची लांबलचक यादी छापून दोघे खाली सह्या करतात. पण ती यादी कॉम्प्युटरमधून कुणालाही काढता येते. नव्या माणसाला हवं असतं ते वेगळंच: कॉम्प्युटरचा आकडा आणि रॅकवरचा माल कुठे जुळत नाही, आणि का.

एक उदाहरण घेऊ. एका बेअरिंगचा साठा कॉम्प्युटरमध्ये 400 आहे, रॅकवर मोजले तर 352. फरक 48. जुन्या माणसाला यातलं बरंच माहीत असतं. 30 नग तपासणीत नापास होऊन लाल पट्टीच्या जागेत पडले आहेत. ते पुरवठादाराकडे परत जायचे आहेत, पण परतीची एंट्री पर्चेसकडे अडकली आहे. 12 नग रात्रपाळीने साध्या चिठ्ठीवर उचलले, त्यांची इश्यू स्लिप झालेली नाही. उरलेल्या 6 नगांचा मात्र पत्ता नाही.

जाता जाता हिशेब चोख दिसावा म्हणून जुन्या माणसाने 48 नगांची तूट टाकून आकडा 352 केला, तर पुढे काय होईल? महिन्याभरात पर्चेस 30 नगांची परतीची एंट्री करेल आणि राहिलेली 12 नगांची स्लिपही चढेल. कॉम्प्युटर 310 दाखवेल, रॅकवर मात्र 352 असतील. साठा आहे त्यापेक्षा कमी दिसल्यामुळे गरज नसताना नवी ऑर्डर सुटेल, आणि 42 नग 'जास्त' कुठून आले हे नव्या माणसाला कधीच उमगणार नाही. म्हणून शेवटच्या दिवशी आकडे जुळवू नयेत, फरक तसाच ठेवून त्याची फोड लिहावी. 30 नग कुठे आहेत, कुणाच्या सहीसाठी थांबलेत, 12 नगांची चिठ्ठी कोणत्या फाइलमध्ये आहे. 6 नगांपुढे 'कारण सापडलं नाही' असंच लिहावं. तूट टाकायची तर तेवढ्याचीच, आणि तीही साहेबांच्या मंजुरीने.

दुसरी जागा म्हणजे जॉबवर्कला बाहेर गेलेला माल. तो रॅकवर नसतो, पण मालकी कारखान्याचीच असते. जीएसटी कायद्यानुसार कर न भरता जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच ग्राहकाकडे जावा लागतो. मुदतवाढ मिळाली नाही आणि वर्ष उलटलं, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवला असं धरून कर आणि व्याज लागतं. म्हणून नोटमध्ये प्रत्येक चलनाची तारीख आणि वर्ष संपण्याची तारीख शेजारी शेजारी हवी.

इथे वजनाचाही घोळ होतो. समजा, पातळ पत्र्याचे 50 ग्रॅमचे 1000 ब्रॅकेट झिंक प्लेटिंगला गेले. प्लेटिंगने प्रत्येकी अर्धा ग्रॅम वाढला. परत आलेला माल 50 किलो भरला की जुन्या वजनाने 1000 नग पूर्ण वाटतात, प्रत्यक्षात असतात 990. प्लेटिंगनंतरचं एका नगाचं वजन म्हणूनच नोटमध्ये लिहून ठेवावं.

रोजच्या कामात क्रम महत्त्वाचा असतो. सकाळी आधी रात्रपाळीच्या चिठ्ठ्या चढवायच्या, मग गेटवर आलेल्या पण आवक नोंद न झालेल्या मालाच्या जीआरएन करायच्या. त्यानंतर ऋण साठ्याचा रिपोर्ट पाहायचा. साठा शून्याच्या खाली गेलेला दिसला, तर बहुधा माल लाइनवर पोहोचलाय आणि आवक नोंद मागे राहिलीये, किंवा स्लिपवर दुसराच कोड पडलाय. हे निस्तरल्यावरच त्या दिवशीचे निवडक आयटम मोजायचे. चिठ्ठ्या चढवण्याआधी मोजणी केली, तर निघणारा फरक खोटा असतो आणि सकाळ त्याच्या मागे वाया जाते. नोटमध्ये कामांची यादी देताना हा क्रम आणि त्याचं कारण दोन्ही द्यावं, नाहीतर घाईच्या दिवशी नवा माणूस क्रम बदलतो.

नोट पुरेशी झाली का, हे शेवटच्या आठवड्यात तपासता येतं. नव्या माणसाने फक्त ती वाचून सकाळचं काम करावं आणि अडकलेलं एखादं प्रकरण स्वतः निकाली काढावं. जुन्याने शेजारी उभं राहून, विचारल्याशिवाय बोलू नये. नवा जिथे थांबून प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तिथल्या तिथे नोटमध्ये लिहावं आणि मगच दोघांनी सही करावी.