‘सुटलो एकदाचा’ खोडल्यावर काय उरतं?

नमुन्यादाखल हा मजकूर घेऊ. चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं विक्री विभागात काम केलेल्या तरुणानं नव्या नोकरीच्या पहिल्याच संध्याकाळी, आनंदाच्या भरात, फोनमधल्या सगळ्यांना पाठवण्यासाठी लिहिलेला:

‘फायनली!! सहा वर्षांनी सुटलो एकदाचा. आजपासून नवीन कंपनी. पॅकेजही मस्त वाढलंय. आता कुठे खऱ्या अर्थानं प्रोफेशनल वातावरणात काम करायला मिळणार. जुन्या मित्रांनो, तुम्हीही विचार करा! आणि हो, कामं असतील तर आता इकडे पाठवा.’

यात जुन्या कंपनीचं नाव नाही, कुणाला शिवी नाही, तक्रारही नाही. लिहिणाऱ्याला विचारलं तर तो मनापासून सांगेल, ‘मी कुणाबद्दल वाईट कुठे लिहिलंय?’ पण हाच निरोप चार वेगवेगळ्या माणसांच्या हातात गेला की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जुना साहेब ‘सुटलो’ वाचतो आणि सहा वर्षांत दिलेल्या सवलती आठवू लागतो. अजून तिथेच काम करणारी सहकारी ‘खऱ्या अर्थानं प्रोफेशनल’ वाचते. तिला आपण अडाणी जागी अडकून पडलोय असं कुणीतरी सुनावल्यासारखं वाटतं. ज्याच्या कंपनीला हा तरुण माल पुरवत होता तो खरेदी अधिकारी ‘इकडे पाठवा’पाशी थबकतो, कारण त्याची ऑर्डर जुन्या कंपनीकडे अजून चालू आहे. आणि नवा साहेब? त्याला एवढंच कळतं, की हा उद्या इथून गेला तर आपल्याबद्दलही असंच लिहील.

नोकरी बदलल्याची बातमी कळवताना टीका टाळायची, म्हणजे वाईट शब्द टाळायचे, असा बहुतेकांचा समज असतो. टीका मात्र फार लहान शब्दांत लपते. ‘शेवटी’, ‘एकदाचा’, ‘आता कुठे’, ‘खऱ्या अर्थानं’, ‘अखेर मनासारखं’ या प्रत्येक शब्दाच्या पाठीमागे एक न बोललेलं वाक्य उभं असतं: आधी तसं नव्हतं. नव्या जागेचं कौतुक तुलनेच्या सुरात केलं, की ती जुन्या जागेची निंदाच होते. ‘इथे माणसांची कदर आहे’ हे वाक्य वाचून जुन्या सहकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की मग तिथे नव्हती का?

ही निंदा जुन्या कंपनीला फारशी लागत नाही. ती लिहिणाऱ्यालाच चिकटते. १९९८ साली जॉन स्कोरोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात एक माणूस दुसऱ्याच कुणाचं तरी वागणं वर्णन करून सांगतो. काही काळानंतर ऐकणाऱ्यांना सांगणाऱ्याबद्दल मत विचारलं, तर त्यानं दुसऱ्याला लावलेले गुणदोष ते त्यालाच लावतात. दुसऱ्याचा निर्दयपणा सांगणारा थोडा निर्दय वाटू लागतो. तर्काच्या दृष्टीनं हे चुकीचं आहे, पण मन नकळत असं जोडत जातं. चांगल्या गुणांचंही तसंच होतं. जुन्या साहेबाच्या काटेकोरपणाबद्दल कृतज्ञतेनं लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला स्वतःच काटेकोर वाटू लागतो.

निरोप ज्यांना जातो त्यातले बरेच जण रोजच्या भेटीतले नसतात, आणि पुढच्या नोकरीच्या दृष्टीनं तेच अधिक महत्त्वाचे ठरू शकतात. मार्क ग्रॅनोवेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना विचारलं, की ओळखीतून नोकरी मिळाली असेल तर त्या ओळखीच्या माणसाशी भेट कितपत व्हायची? वारंवार भेटणाऱ्यांमुळे नोकरी मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांमुळे ५६ टक्के, आणि क्वचितच भेटणाऱ्यांमुळे २८ टक्के. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी खबर दुरून येते. नेमक्या याच दूरच्या माणसांना आपल्याविषयी वर्षाकाठी एखादाच निरोप मिळतो. त्यांच्या मनातलं आपलं चित्र त्या पाच-सहा ओळींवरून बनतं.

मग वरचा मजकूर दुरुस्त कसा करायचा? पहिलं काम खोडण्याचं. ‘फायनली’, ‘सुटलो एकदाचा’, ‘आता कुठे’ सरळ जातात. पगाराचा उल्लेख जातो. तो वाचून कुणालाच काही मिळत नाही आणि मागे राहिलेल्यांना टोचतो. ‘तुम्हीही विचार करा’ आणि ‘कामं इकडे पाठवा’ ही दोन वाक्यं तर शिष्टाचाराच्याही पुढचं संकट आणू शकतात. अनेक नेमणूकपत्रांत सहकारी आणि ग्राहक ओढून न नेण्याचं कलम असतं. नोकरी सोडल्यानंतर कुठे काम करायचं यावरच्या बंधनांना आपला १८७२चा करार कायदा फारसा थारा देत नाही, हे खरं. पण गोपनीय माहिती आणि ग्राहक फोडणं यांवरून नोटीस येऊ शकते, आणि त्या नोटिशीला जोडायला हा निरोप आयताच हाती सापडतो.

एवढं खोडल्यावर उरतं ते एकच वाक्य: नवीन नोकरी लागली. तिथे काहीतरी भरायचं म्हणून पुष्कळ जण उलट्या टोकाला जातात. ‘त्या कुटुंबानं मला घडवलं, त्या संस्थेचा मी आजन्म ऋणी आहे’ वगैरे. ज्यांनी त्याला कॅन्टीनमध्ये वैतागलेलं पाहिलंय त्यांना हे खोटं कळतं. तेव्हा जागेची स्तुती करण्याच्या भानगडीत न पडता कामाबद्दल लिहावं. कंपनी कितीही त्रासदायक असली तरी सहा वर्षांत तिथे काही शिकलेलं असतं, कुणीतरी शिकवलेलं असतं. तेवढंच, नेमकं, खरं सांगायचं. ‘खूप शिकायला मिळालं’ यापेक्षा ‘कोटेशन कसं तपासायचं ते तुमच्याकडे शिकलो’ हे वाक्य लहान आहे, पण वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा वाटा दिसतो.

त्याच तरुणानं त्या खरेदी अधिकाऱ्याला पाठवायचा निरोप आता असा होतो:

‘नमस्कार सर. एक बातमी कळवायची होती. ३१ मे रोजी मी आधीच्या कंपनीतलं काम सोपवून निरोप घेतला. ३ जूनपासून रांजणगाव इथे नव्या कंपनीत विक्री विभागात रुजू झालो आहे. सुरुवातीच्या काळात ड्रॉइंगमधली कुठली मापं आधी पाहायची, हे तुम्ही मला समोर बसवून समजावलं होतं. ते आजही रोज उपयोगी पडतं. तुमच्या चालू ऑर्डरींची सगळी कागदपत्रं तिथल्या सहकाऱ्यांकडे दिली आहेत, त्यांचा ऑफिसचा नंबर पूर्वीचाच आहे. माझा वैयक्तिक नंबर मात्र हा. त्या बाजूला आलो तर भेटायला नक्की येईन. आपला नम्र.’

यात जुन्या कंपनीबद्दल एकच विधान आहे, तेही तारखेचं. कौतुक आहे ते समोरच्या माणसाचं. आणि चालू ऑर्डरींबद्दलचं वाक्य जुन्या कंपनीच्या बाजूनं बोलतं. खरेदी अधिकाऱ्याला त्या क्षणी छळणारा प्रश्न ‘माझ्या मालाचं आता कोण बघणार?’ हाच असतो. त्याचं उत्तर देणारा माणूस जबाबदार आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तेवढं वाक्य लिहिण्याआधी जुन्या साहेबाला विचारून घेतलेलं बरं. काही ठिकाणी ग्राहकांना बदल कळवण्याचं काम कंपनी स्वतःकडे ठेवते.

सहकाऱ्यांच्या ग्रुपवर याहून लहान मजकूर पुरतो: कुठे रुजू झालो, कुणाची आठवण कशासाठी येईल, नंबर कोणता. शाळेच्या ग्रुपवर तर ‘रांजणगावला नवीन काम सुरू केलं, त्या बाजूला कुणी असेल तर सांगा’ एवढंच बस्स. मावशीला फोन करावा, निरोप पाठवू नये.

घाई इथे फार नडते. राजीनामा दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत अनेक ठिकाणी महिना ते तीन महिने जातात. कार्यमुक्तीचं पत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि शेवटचा हिशेब जुन्या कंपनीकडूनच यायचा असतो. नवी कंपनीही पार्श्वभूमी तपासताना तिथल्याच मनुष्यबळ विभागाला विचारते. म्हणून नव्या जागी प्रत्यक्ष रुजू झाल्यावर आणि कार्यमुक्तीचं पत्र हाती आल्यावर बातमी द्यावी.

पाठवण्याची रीतही पाहायला हवी. विक्रीतल्या माणसाचं सिमकार्ड बहुधा कंपनीचं असतं आणि ते परत द्यावं लागतं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तर त्यांनाच पोचते, ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर जतन केलेला असतो. नवा नंबर कुणाकडेच नसल्यानं दोनशे जणांना पाठवलेला निरोप जवळजवळ कुणालाच मिळत नाही, आणि पाठवणारा उत्तरांची वाट पाहत बसतो. महत्त्वाच्या तीस-चाळीस जणांना एकेक करून, प्रत्येकाची एक ओळ बदलून पाठवणं अधिक कामाचं. मेलनं पाठवायचा असेल तर सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात टाकावेत. आणि कंपनीच्या प्रणालीतली ग्राहकयादी उतरवून घेऊन तिच्यावर निरोप पाठवू नये. ती यादी कंपनीची असते.

ज्यांना नोकरीवरून कमी केलं गेलं, त्यांना कारण लिहावं की लपवावं असा पेच पडतो. ‘मार्चमध्ये आमचा विभाग बंद झाला, आता अमुक ठिकाणी रुजू झालो आहे’ असं घडलेलं तेवढं लिहिलं की पुरे. ‘कारण नसताना काढलं’ हे खरं असलं तरी या निरोपात बसत नाही. तसंच, पगार थकवला असेल किंवा छळ झाला असेल, तर गप्प बसावं असं इथे मुळीच सुचवायचं नाही. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, लैंगिक छळासाठी २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे. तिथे तारखा आणि पुरावे देऊन स्पष्ट लिहावं. ग्रुपवर टाकलेल्या टोमण्यानं त्या तक्रारीला बळ मिळत नाही. समोरच्याला ‘हा आधीपासूनच राग धरून होता’ म्हणायला जागा मात्र मिळते.

नीट लिहिलेल्या निरोपावरही एक उत्तर हमखास येतं, तेही सगळ्यांसमोर: ‘बरं झालं सुटलास, तो साहेब तर…’ जपून लिहिलेलं सगळं इथे पाण्यात जाऊ शकतं. त्या वाक्यावर हसरं चिन्ह टाकलं तरी ते मान्य केल्यासारखं होतं. ‘धन्यवाद रे. तू सध्या कुठे आहेस, मुलगी कितवीला गेली?’ असं विचारून बोलणं त्याच्याकडे वळवावं, आणि बाकीचं बोलायचंच असेल तर चहाला बोलवावं.