गाणं सापडावं म्हणून

समजा, कोल्हापूरच्या एका मुलीने गिटार आणि संबळ घेऊन पावसावर गाणं केलं. रात्री उशिरा मिक्सिंग संपवून तिने ते साउंडक्लाउडवर चढवलं. नावाची चौकट तिने तशीच सोडली तर फाइलचंच नाव गाण्याला चिकटतं: `final_mix_3`. गाण्याची लिंकही त्याच नावावरून तयार होते. ही लिंक नंतर बदलता येते, पण मग आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी लिंक उघडत नाही. म्हणून गाणं आधी खाजगी ठेवून चढवावं, सगळं तपासावं आणि मगच खुलं करावं.

आता नाव. नुसतं ‘पाऊस’ ठेवलं तर त्या नावाच्या असंख्य गाण्यांत हे हरवणार. ‘पाऊस थांबल्यावर’ लगेच वेगळं दिसतं. गायिकेचं नाव शेजारी आपोआप येतंच, ते शीर्षकात पुन्हा नको. मराठी गाण्यांची खरी अडचण लिपीची आहे. ऐकणारे बहुतेक जण रोमन अक्षरांत शोधतात आणि एकच शब्द कुणी `paus` लिहितं, कुणी `pavus`. साउंडक्लाउडवर देवनागरी नावापुढे एक रोमन रूप जोडता येतं, उरलेलं रूप टॅगमध्ये टाकावं. हेच गाणं वितरकामार्फत इतर सेवांवर गेलं तर तिथे शीर्षकाचे नियम बरेच कडक असतात. ते आधी वाचून घ्यावेत.

गानप्रकाराच्या यादीत `World` दिसतो आणि मराठी गाणं म्हटलं की हात तिकडेच जातो. मला ही निवड चुकीची वाटते, कारण त्या एका खणात जगभरचं काहीही असतं. या गाण्याला `Folk & Singer-Songwriter` जवळचं आहे. मग टॅगमध्ये मराठी, संबळ, पाऊस, अकूस्टिक असे नेमके शब्द यावेत. प्रसिद्ध गायकांची नावं टॅगमध्ये घुसडणारे बरेच आहेत. ते गायक शोधत आलेला माणूस पहिल्या काही सेकंदांत निघून जातो, आणि ती फसवणूक असते ती वेगळीच.

वर्णन हे माणसासाठी लिहायचं. सुरुवातीच्या ओळी लगेच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्यामुळे ‘माझं नवीन गाणं, नक्की ऐका’ यात त्या ओळी वाया घालवू नयेत. ‘पाऊस थांबल्यावरच्या गल्लीचं गाणं. गिटार आणि संबळ, घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित.’ एवढ्यावरून प्लेलिस्ट करणाऱ्याला कळतं की हे आपल्या कामाचं आहे का. खाली गीतकार, वादक यांची नावं आणि पूर्ण शब्द द्यावेत. संबळ वाजवणाऱ्याचं नाव तर राहताच कामा नये. पुढचं काम त्याला तिथूनच मिळू शकतं.

गाणं खुलं केल्यावर लॉग आउट करून अनोळखी श्रोत्यासारखं शोधून पाहा, देवनागरीत आणि दोन-तीन रोमन स्पेलिंगांनी. जिथे सापडत नाही, तिथला टॅग त्याच दिवशी दुरुस्त करा.