दरडोई आकड्यांचा चकवा

दोन गावे, दोन दुकाने किंवा दोन कारखाने यांची तुलना करायची झाली की आपण भागाकार करतो. एवढ्या कामगारांमागे एवढी विक्री, एवढ्या मशीनमागे एवढा माल, एवढ्या लोकसंख्येमागे एवढे उत्पन्न. लहानाला लहान म्हणून आणि मोठ्याला मोठा म्हणून झुकते माप मिळू नये, हा त्यामागचा हेतू असतो आणि तो चांगलाच आहे. पण दोन निरनिराळ्या रकमांना एकाच संख्येने भागून मग त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर ज्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही अशा गोष्टी हातात हात घालून चालताना दिसू लागतात. व्यापारी बांधवांनी हा चकवा ओळखून ठेवणे जरुरीचे आहे, कारण अशाच आकड्यांच्या जोरावर आपल्याला माल विकला जातो आणि कर्जही घ्यायला लावले जाते.

समजा, शिलाईचे आठ कारखाने आहेत. आकडे कल्पित आहेत, पण वाचकांना कागद-पेन्सिलीने पडताळता यावेत असेच घेतले आहेत. चार कारखान्यांत प्रत्येकी ४ मशीन बसवलेली आहेत आणि चार कारखान्यांत प्रत्येकी ६. महिन्याला काही ठिकाणी २४०० कपडे शिवून होतात, तर काही ठिकाणी ३६००. काम किती येते ते ऑर्डरवर ठरते. सहापैकी दोन मशीनवर कापड झाकून ठेवलेले असते, हे चित्र आपल्याला नवे नाही. दिवे-ट्यूब यांवर काही मालक वर्षाला १२०० रुपये खर्च करतात, काही १८००. यांतल्या सगळ्या जोड्या एकेकदा येतात असे धरू. म्हणजे ४ मशीनवाल्या चौघांत २४०० कपडे व १२०० रुपये, २४०० व १८००, ३६०० व १२००, ३६०० व १८०० असा एकेक कारखाना आहे. ६ मशीनवाल्या चौघांतही तसेच.

आता दिव्यांच्या खर्चाचा शिलाईशी संबंध आहे का? १२०० रुपये खर्च करणारे चार कारखाने सरासरी ३००० कपडे शिवतात. १८०० रुपये खर्च करणारे चार कारखानेही सरासरी ३००० कपडेच शिवतात. संबंध शून्य आहे. आपण आकडे मांडलेच तसे आहेत.

हीच माहिती दिवे विकणाऱ्या एखाद्या हुशार विक्रेत्याच्या हाती गेली असे समजा. तो म्हणेल, शेठ, कारखाने लहान-मोठे आहेत, आपण दर मशीनमागे पाहू. ते ऐकायला रास्तच वाटते. ४ मशीनवाल्यांत कपडे मशीनमागे ६०० किंवा ९०० होतात आणि दिव्यांचा खर्च मशीनमागे ३०० किंवा ४५० रुपये. ६ मशीनवाल्यांत कपडे ४०० किंवा ६००, आणि खर्च २०० किंवा ३०० रुपये. आता तो खर्चाप्रमाणे तीन गट पाडतो. मशीनमागे २०० रुपये खर्च करणारे दोन कारखाने सरासरी ५०० कपडे काढतात. ३०० रुपये खर्च करणारे चार आहेत, त्यांची सरासरी ६२५ येते. ४५० रुपये खर्च करणाऱ्या दोघांची सरासरी ७५० येते. पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा असा सुरेख आलेख पाहिल्यावर कोणता मालक म्हणेल की दिव्यांवर पैसे घालू नयेत?

यात विक्रेत्याने एकही आकडा खोटा सांगितलेला नाही, बेरीज चुकवलेली नाही, कुठला कारखाना लपवलेला नाही. सगळा खेळ भागाकाराने केला. ज्याच्याकडे मशीन कमी, त्याचे कपडेही लहान संख्येने भागले गेले आणि दिव्यांचा खर्चही; म्हणून त्याचे दोन्ही आकडे वर गेले. ज्याच्याकडे मशीन जास्त, त्याचे दोन्ही खाली आले. तराजूला पासंग असला की त्यावर तोललेली साखरही कमी भरते आणि डाळही कमी भरते. त्यावरून साखरेचे आणि डाळीचे काही नाते आहे असे कोणी म्हणत नाही. इथे मशीनची संख्या हा तो पासंग आहे.

संख्याशास्त्रात दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात ते मोजायला सहसंबंधाचा एक आकडा काढतात. मुळीच संबंध नसेल तर तो शून्य येतो, आणि दोन्ही तंतोतंत बरोबर चढत असतील तर १. आपल्या आठ कारखान्यांत मूळ रकमांचा सहसंबंध शून्य आहे. मशीनने भागल्यावर तो ०.४९ होतो. लहान कारखान्यात ४ आणि मोठ्यात ६ ऐवजी १२ मशीन असती, तर बाकी काहीही न बदलता तो ०.८३ झाला असता. भाजक, म्हणजे ज्याने भागतो ती संख्या, जितकी जास्त कमी-अधिक होते, तितका हा आभास दाट होतो.

ही गोष्ट नवी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १८९७ साली रॉयल सोसायटीपुढे ती मांडली. त्याने हाडांचे उदाहरण दिले. हाडांच्या ढिगातून मांडीचे, नडगीचे आणि दंडाचे अशी तीन हाडे कशीही उचलून त्यांचे गट केले, तर एका गटातील हाडे एकाच माणसाची नसल्यामुळे त्यांच्या लांबीत काही नाते असणार नाही. पण मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची लांबी दंडाच्या हाडाच्या लांबीने भागली, की ती दोन गुणोत्तरे एकमेकांशी जुळताना दिसतात, आणि पाहणारा समजतो की ही खरीच एकेका माणसाची हाडे आहेत. तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात कमी-अधिक होत असतील, तर हा खोटा सहसंबंध साधारण अर्धा, म्हणजे ०.५ च्या आसपास येतो, हे त्याने गणिताने दाखवले. आपल्या कारखान्यांचे ०.४९ त्याच हिशेबात बसते.

पुढे येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ सालच्या आपल्या पुस्तकात दरडोई आकड्यांचे एक मजेदार उदाहरण रचले. करकोचा पक्षी घरात मूल आणून ठेवतो अशी युरोपात एक दंतकथा आहे. नेमनने काही परगण्यांचे कल्पित आकडे घेतले आणि दर दहा हजार स्त्रियांमागे किती करकोचे व दर दहा हजार स्त्रियांमागे किती जन्म, हे ताडून पाहिले. दोन्ही आकडे बरोबरीने चढत गेले! दोन्हीकडे भागणारी संख्या एकच होती, परगण्यातील स्त्रियांची.

आपल्या देशातही दरडोई आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हायची होती, ती पुढे गेली. त्यामुळे मधल्या वर्षांत दरडोई आकडे काढताना लोकसंख्या अंदाजाने धरावी लागली. एखाद्या जिल्ह्याचा अंदाज कमी धरला गेला, तर त्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न, दरडोई वीज आणि दरडोई साखर ही सगळीच एकदम फुगतात, आणि चुकीतूनच संबंध जन्माला येतो.

मग भागाकार करूच नये का? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. यादीत २ मशीनचा आणि ४० मशीनचा कारखाना एकत्र असेल, तर नुसत्या रकमा ताडून पाहणेही फसवेच आहे. मोठ्याचे सगळेच मोठे असते. भागाकार त्या रोगावरचा इलाज आहे. पण तो तेव्हाच लागू पडतो, जेव्हा मशीन दुप्पट झाली की रक्कमही दुप्पट होते. धागा, बटणे, सुया यांचा खर्च जवळपास तसा वाढतो. रखवालदाराचा पगार, दुकानाचे भाडे, वीजमीटरचा स्थिर आकार हे तसे वाढत नाहीत. ४ मशीनला जो रखवालदार लागतो तोच ६ मशीनला पुरतो. अशा खर्चाला मशीनने भागले की लहान कारखाना उगाच उधळ्या दिसतो, आणि त्याच भाजकाने त्याचे उत्पादनही फुगलेले असते.

उलट दिशेचा चकवाही असतो. आपल्याच उदाहरणात ४ मशीनवाल्यांचे मशीनमागे उत्पादन सरासरी ७५० आहे आणि ६ वाल्यांचे ५००. यावरून मशीन वाढवली की काम ढिले पडते असा निष्कर्ष कोणी काढील. प्रत्यक्षात दोघांकडे काम सारखेच आले आहे, फक्त एकाकडे ते ६ ने भागले गेले. मशीनमागच्या आकड्याला मशीनच्याच संख्येशी ताडले की हे होणारच.

पडताळा घ्यायचा सरळ मार्ग म्हणजे सारख्या आकाराच्यांची आपसात तुलना करणे. आपल्या ४ मशीनवाल्यांत दिव्यांवर मशीनमागे ३०० रुपये खर्च करणाऱ्यांची सरासरी ७५० कपडे आहे आणि ४५० खर्च करणाऱ्यांचीही ७५०. ६ वाल्यांत २०० खर्च करणाऱ्यांची ५०० आणि ३०० खर्च करणाऱ्यांचीही ५००. विक्रेत्याच्या त्या सुरेख पायऱ्या इथे नाहीशा होतात. खरा संबंध असता तर तो ४ मशीनच्या गटातही दिसला असता आणि ६ च्या गटातही.

पण खऱ्या यादीत सारख्या आकाराचे कारखाने पुरेसे मिळत नाहीत. तेव्हा चिठ्ठ्यांचा उपाय करावा. प्रत्येक कारखान्याचा दिव्यांचा मूळ खर्च, भागाकार न करता, एकेका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या मिसळा आणि हाताला येईल ती एकेका कारखान्यापुढे ठेवा. आता त्या परक्या खर्चाला त्या कारखान्याच्या मशीनने भागा आणि पुन्हा मशीनमागच्या कपड्यांशी ताडा. असे दहा-वीस वेळा करा. कधी चढ कमी येईल, कधी जास्त. पण खर्च कोणाचाही कोणापुढे ठेवला तरी बहुतेक वेळा चढ दिसतच असेल, तर तो भाजकाने दिलेला चढ आहे. खऱ्या आकड्यांतला चढ या चिठ्ठ्यांच्या चढापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तरच वरच्या भागाविषयी विचार करण्यात अर्थ आहे.

यासाठी मूळ रकमा हातात हव्यात. मशीनमागे किंवा कामगारामागे काढलेले आयते आकडे कोणी समोर ठेवले, तर आधी एकूण कपडे, एकूण खर्च आणि मशीनची संख्या असे तीन वेगळे रकाने मागून घ्यावेत. तीन रकाने मिळाले की घरी बसून वरील दोन्ही पडताळे तासाभरात होतात.