सहा बिंदू, दोन गट : के-मीन्सचे गणित हाताने

के-मीन्स ही आकड्यांचे गट पाडण्याची रीत. स्टुअर्ट लॉइड यांनी ती १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली आणि जेम्स मॅक्वीन यांनी १९६७ मध्ये तिला हे नाव दिले. संगणक हे काम लाखो बिंदूंवर करतो. परीक्षेत मात्र पाच-सहा बिंदू, गटांची संख्या आणि सुरुवातीची केंद्रे देऊन तेच कागदावर करायला सांगतात. रीत दोनच कृतींची आहे. प्रत्येक बिंदू जवळच्या केंद्राच्या गटात घालायचा, मग प्रत्येक गटाची सरासरी काढून तिलाच नवे केंद्र मानायचे. गट बदलायचे थांबेपर्यंत याच दोन कृती आलटून-पालटून करायच्या.

समजा अ(१,१), ब(१,३), क(४,२), ड(६,५), इ(७,७) आणि फ(८,६) हे सहा बिंदू दिले आहेत, गट दोन पाडायचे आहेत आणि सुरुवातीची केंद्रे अ व ब हीच आहेत. अंतर काढताना दोन्ही निर्देशकांतील फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यायची. वर्गमूळ प्रश्नात मागितले असेल तरच काढावे. जवळचे केंद्र कोणते एवढेच ठरवायचे असते, आणि ज्या केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग लहान, त्याच केंद्रापासूनचे अंतरही लहान असते.

ड चे अ पासूनचे वर्ग-अंतर २५ + १६ = ४१ आणि ब पासूनचे २५ + ४ = २९, म्हणून ड दुसऱ्या गटात जातो. इ ची अंतरे ७२ आणि ५२, फ ची ७४ आणि ५८. तेही दुसऱ्याच गटात. क पाशी मात्र अडते. अ पासून ९ + १ = १० आणि ब पासूनही ९ + १ = १०. अशा बरोबरीच्या वेळी आधीच्या क्रमांकाचा गट घ्यावा, आणि तसा नियम उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहावा. तो न लिहिल्यास तपासणाऱ्याला ती निवड चूक वाटू शकते. या नियमाने पहिल्या गटात अ, क आणि दुसऱ्यात ब, ड, इ, फ येतात.

आता सरासरी. पहिल्या गटाचे केंद्र (२.५, १.५). दुसऱ्या गटात पहिल्या निर्देशकांची बेरीज २२ आणि दुसऱ्यांची २१, चाराने भागल्यावर केंद्र (५.५, ५.२५). इथून पुढे केंद्र हा दिलेल्या बिंदूंपैकी एक असेलच असे नाही. अनेक विद्यार्थी सवयीने दुसऱ्या फेरीतही अ आणि ब पासूनच अंतरे मोजत राहतात. मग गट बदलतच नाहीत, आणि उत्तर आले असे वाटते.

दुसऱ्या फेरीत ब चे पहिल्या केंद्रापासूनचे वर्ग-अंतर ४.५ आणि दुसऱ्यापासूनचे सुमारे २५.३ येते. तीन दूरच्या बिंदूंच्या ओढीने दुसरे केंद्र ब पासून लांब सरकले, म्हणून ज्या गटाची सुरुवात ब पासून झाली तोच गट ब ला सोडावा लागतो. बाकीचे बिंदू जागीच राहतात. गट अ-ब-क आणि ड-इ-फ असे होतात. केंद्रे (२,२) आणि (७,६).

तिसऱ्या फेरीत क चे वर्ग-अंतर ४ विरुद्ध २५, ड चे २५ विरुद्ध २. कोणीही जागा बदलत नाही, म्हणून गणित थांबते. ही बदल न दाखवणारी फेरीही पूर्ण लिहावी. थांबण्याचे कारण तिच्यातूनच दिसते.

पडताळा सोपा आहे. प्रत्येक फेरीत बिंदूंची आपापल्या निवडलेल्या केंद्रापासूनची वर्ग-अंतरे मिळवावीत. इथे ती बेरीज १४९, मग सुमारे २१.९, मग १२ आली. ही बेरीज कधीच वाढत नाही. ती वाढलेली दिसली, तर सरासरीत किंवा वजाबाकीत चूक झाली आहे हे नक्की.

क ला दुसऱ्या गटात घातले असते तर? केंद्रे (१,१) आणि (५.२, ४.६) आली असती, क आणखी एक फेरी तिथेच अडकला असता आणि उत्तर एक फेरी उशिरा, पण तेच मिळाले असते. मात्र दरवेळी असे होत नाही. (०,०), (०,२), (६,०), (६,२) हे चार बिंदू घेऊन (०,०) आणि (०,२) पासून सुरुवात केली, तर खालचे दोन आणि वरचे दोन असे गट पडतात, केंद्रे (३,०) आणि (३,२) येतात आणि गणित तिथेच थांबते. त्या वाटणीची बेरीज ३६ आहे. डावे दोन आणि उजवे दोन अशा वाटणीची बेरीज फक्त ४ आहे, पण या सुरुवातीपासून के-मीन्स तिथे पोहोचत नाही.